सुरूच्या खांबांमागे दिवा ठेवा

दिवाळीच्या आठ दिवस आधी भाच्याचा वाईहून फोन येतो, "आत्या, दिव्यांच्या माळा किती आणू?" गेल्या वर्षी मी म्हटलं, "दोन." पलीकडून काही वेळ आवाजच नाही. कारण त्याच्या आदल्या वर्षी त्याने बारा आणल्या होत्या. निळ्या-पांढऱ्या, वळचणीपासून ओट्यापर्यंत पडद्यासारख्या सोडलेल्या. गल्लीत कौतुक झालं. मला मात्र फोटोत आमचं घर कुठे आहे ते शोधावं लागलं. ठिपक्यांचा एक चौकोन दिसत होता, त्यामागे काहीही असू शकलं असतं. वाडा, मंगल कार्यालय, पत्र्याची शेडसुद्धा.

मी वीस वर्षं नाटकांची प्रकाशयोजना करते, त्यामुळे माझा राग जरा व्यावसायिक आहे हे मान्य. रंगमंचावर नटाच्या बरोब्बर समोरून भरपूर उजेड टाकला की पहिलं त्याचं नाक जातं. नाकाची सावलीच उरत नाही, चेहरा ताटासारखा सपाट होतो. घराचंही तेच. सज्जा पुढे आलाय, देवळी आत गेलीय, खांब गोल आहे, हे सगळं डोळ्याला सावलीमुळे कळतं. आणि उघड्या माळेची गंमत अशी की ती भिंत उजळत नाहीच, सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यात शिरते. डोळा त्या झगझगीत ठिपक्यांना सरावतो आणि मधली भिंत त्याला आणखी काळी दिसू लागते. मग घरमालक म्हणतो, "अजून अंधारच वाटतोय, आणखी चार माळा लाव."

आमचं माहेरचं घर दुमजली, पाच खणांचं. खाली काळ्या दगडाचं घडीव जोतं, त्यावर ओटा आणि ओसरी. ओसरीला सागवानी सुरूदार खांब, म्हणजे खाली फुगीर आणि वर निमुळते होत गेलेले. त्यांच्यामधून महिरपी. वर सज्जा, त्याच्या खाली लाकडात कोरलेली केळफुलं. मुख्य दरवाजाच्या दोन्ही बाजूंना दगडात देवळ्या. यातल्या दोन कोणीतरी मागच्या पिढीत सिमेंटने बुजवल्या होत्या. गेल्या पावसाळ्यानंतर दादाने त्या फोडल्या, तर आतल्या वरच्या दगडावर काजळीचा जाड थर. वहिनी म्हणाली, "घासून काढू या का?" मी म्हटलं, नको, हाच तर नकाशा आहे. दिवा कुठे ठेवायचा हे बांधणाऱ्याने ठरवलेलंच होतं, काजळी त्याची नोंद आहे.

आता काय केलं ते सांगते.

धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी सात वाजता घरातले सगळे दिवे घालवले आणि समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर मी, दादा आणि भाचा नुसते बसून राहिलो. दहा मिनिटं. भाच्याला हे खुळ वाटलं. पण अंधाराला डोळा सरावायला तेवढा वेळ लागतोच. हळूहळू लक्षात आलं की घर अंधारात नव्हतंच. समोरच्या खांबावर नगरपालिकेचा पांढरा एलईडी आहे, तो वरच्या मजल्याला आणि ओट्याच्या कडेला समोरून सपाट धुऊन काढतो. तो काही आपल्याला बंद करता येत नाही. त्याच्याशी स्पर्धा करायची म्हटली तर बारा माळाही कमीच पडतात. मग उलटा विचार केला. त्याचा उजेड कुठे पोचत नाही? सज्ज्याच्या खाली, खांबांच्या मागे, ओसरीच्या आतल्या भिंतीवर आणि देवळ्यांमध्ये. आपले दिवे तिथेच, बाहेरच्या अंगाला एकही नको.

यातली ओसरीची भिंत सगळ्यात महत्त्वाची. जुनं सागवान काळपट असतं, त्याच्यावर उजेड टाकलात तर बहुतेक गिळून टाकतं. लोक खांबांना माळा गुंडाळतात ते याच वैतागातून. खांब दिसत नाही म्हणून गुंडाळायचं, आणि मग खांबाऐवजी दिसते ती गुंडाळलेली वायर. त्यापेक्षा खांबाला काळाच राहू द्या आणि त्याच्या मागची चुन्याची भिंत उजळा. चुना मिळालेला बहुतेक प्रकाश परत फेकतो. मग त्या उजळ भिंतीवर खांबाचा आकार कापून ठेवल्यासारखा उठतो. सुरूचा फुगवटा, वरची केळफुलं, महिरपीची प्रत्येक पाकळी. कोरणाऱ्याने जी बाह्यरेषा काढली तीच दिसते.

दोन माळा लागल्या त्या इथे. खांबांवरच्या तुळईच्या आतल्या अंगाला, रस्त्यावरून बल्ब अजिबात दिसणार नाहीत अशा, तोंड भिंतीकडे करून. बांधल्या सुतळीने. जुन्या लाकडात खिळा किंवा स्टेपलर मारणाऱ्याशी मी बोलत नाही. माळ भिंतीपासून हातभर लांब राहिली आणि उजेड तिरका खाली उतरत गेला. इथे एक सावधगिरी: तिरका उजेड गवंड्याची परीक्षा घेतो. घडीव दगडावर टाकीचे घाव सुंदर दिसतात, पण नव्या बंगल्याच्या गिलाव्यावर हाच प्रयोग केलात तर भिंतीचे सगळे फुगवटे आणि थापीचे फराटे चव्हाट्यावर येतात. तिथे दिवा भिंतीपासून चांगला लांब घ्या.

रंगाबद्दल मात्र मी हट्टी आहे. तेलाच्या ज्योतीचा रंग साधारण 1,900 केल्विनच्या आसपास, म्हणजे गडद पिवळा-नारिंगी. दुकानात "वॉर्म" म्हणून मिळणारी माळ 2,700 ते 3,000ची असते, ती पणतीशेजारी चालून जाते. पण "कूल व्हाइट" 6,000च्या वर. ती लावली की तिच्या शेजारची पणती आजारी दिसते. दोन्ही ठेवायच्या असतील तर एकाच नजरेत दोन्ही येणार नाहीत अशा तरी ठेवा. खरं सांगायचं तर ठेवूच नका.

पणत्या बावीस. आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवल्या, नाहीतर कोरी माती अर्धं तेल पिऊन टाकते. पणतीची ज्योत साधारण एका मेणबत्तीएवढी. फूटभर अंतरावरच्या भिंतीला तिच्यापासून दहा-अकरा लक्स मिळतात, मीटरभर लांब गेलात तर जेमतेम एक. म्हणजे पणती ही अगदी शेजारच्या पृष्ठभागाची चीज आहे. उघड्या कठड्यावर ओळीने ठेवली तर तिचा सगळा उजेड हवेत जातो. देवळीत ठेवली तर तीन बाजूंचा दगड तिच्या आवाक्यात असतो, त्यामुळे सगळी देवळी पेटल्यासारखी वाटते. शिवाय वारा लागत नाही. जेजुरीच्या दीपमाळा बघा, प्रत्येक दिव्याला मनोऱ्यातून बाहेर काढलेला स्वतःचा दगडी हात आहे. दिव्याची जागा तिथे दगडातच घडवलेली आहे.

देवळीतही चूक होतेच. आम्ही पहिल्या दिवशी पणती अगदी मागे सरकवली. रस्त्यावरून ज्योत दिसेना, आणि वरच्या देवळ्या तर डोक्याच्या वर, तिथे पणतीची कड आडवी येऊन खालचा सगळा भाग काळा. दिव्याखाली अंधार ही म्हण कोणी अशीच देवळीकडे बघत केली असणार! मग पणती मधोमध आणली, खाली चुन्याने रंगवलेली छोटी फरशी ठेवली. त्या फरशीने उजेड वर उचलला, आणि तेल सांडलं तर दगडात मुरण्याऐवजी फरशीवरच राहिलं. काळ्या दगडात मुरलेलं तेल मी आजवर कोणाला पूर्ण काढता आलेलं पाहिलं नाही. वात बाहेर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. लांब वात म्हणजे मोठा दिवा असं वाटतं, पण ती नुसती धुरावते. ज्योतीच्या टोकाशी काळा धागा हलताना दिसला की समजा, वात ओढून घ्यायची वेळ झाली.

सज्ज्यावर आणि लाकडी कठड्यावर एकही पणती नाही. दादाला हे पटायला वेळ लागला, "आजी ठेवायची" वगैरे. आजीच्या वेळी समोरच्या घरावरून रॉकेट येत नव्हती. शनिवारवाड्याचं लाकूडकाम 1828च्या आगीत गेलं आणि आपण आज दगडच बघतो, एवढं सांगितल्यावर तो गप्प बसला. देवळ्या दगडाच्या, पायऱ्या दगडाच्या, तिथे हव्या तेवढ्या ठेव.

आकाशकंदील सज्ज्यालाच, पण दरवाजाच्या बरोबर वर नाही, एका बाजूच्या खणात. मध्यावर टांगला की गणेशपट्टी त्याच्याआड जाते. आत भाच्याने नऊ वॅटचा पांढरा बल्ब लावला होता, म्हणजे केशरी कागदाचा पार पांढरा फुगा. तो काढून अर्ध्या वॅटचा पिवळा लावला, ज्याला आपण अजून "झिरोचा बल्ब" म्हणतो. (जुना काचेचा झिरो खरं तर बारा-पंधरा वॅट खायचा, पण नाव कसलं भारी.) आता कागदाचा रंग दिसतो, करंज्यांच्या कातरलेल्या कडा दिसतात, आणि सज्ज्याखालच्या केळफुलांना खालून हलका उजेड लागतो.

भाच्याची तक्रार एकच होती, फोटोत "काही दिसत नाही." त्याला सांगितलं, साडेसातला काढू नकोस. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांत काढ, आभाळ अजून निळं असतं तेव्हा. कौलांची रेघ आभाळावर उठते आणि पणत्याही पेटलेल्या असतात. नंतर फोनचा नाइट मोड अंधार ओढून ओढून दिवस करतो आणि सगळ्या सावल्या खातो, म्हणजे परत आपण बारा माळांवर.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आठच्या सुमारास गल्लीतले दिवे गेले. समोरचा एलईडीही गेला. अमावास्या, त्यामुळे वर काहीच नाही. बावीस पणत्या तेवढ्या होत्या. जोत्याच्या दगडावरचे टाकीचे घाव मी लहानपणापासून पायाने ओळखते, ते त्या दिवशी पहिल्यांदा रस्त्यावरून दिसले. समोरच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "अगंबाई, तुमच्या दाराशेजारी देवळ्या होत्या होय?"

दहा मिनिटांनी वीज आली. या स्वस्त माळांच्या डबीत आठ प्रकार असतात आणि वीज गेली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आमची ओसरी बॅण्डच्या गाडीसारखी लुकलुकायला लागली. भाचा स्टूल घेऊन धावला आणि बटण दाबत मोजायला लागला, एक, दोन, तीन... आठव्याला स्थिर होते. गडबडीत त्याने एकदा जास्त दाबलं, म्हणून परत पहिल्यापासून.