पातळ बाटली गळत नाही, जाड जॉइंट का गळला

★★ "इथून पाइपचा जॉइंट आणि खत मोजायची बाटली थ्रीडी प्रिंट करून घेतली. जॉइंट एका बाजूनं बंद करून पाणी भरून रात्रभर ठेवला तर कोरडा, गच्चीवरच्या टाकीच्या पाइपला जोडला की दहा मिनिटांत ठिबकायला लागला. वरून एमसील लावलं तरी गळतंय. कागदासारखी पातळ बाटली गळत नाही आणि बोटाएवढा जाड जॉइंट गळतो, हे काय गणित आहे? ३५० रुपये पाण्यात."

दादा, चूक आमची आहे, पैसे आजच परत टाकतो. पण गणित विचारलंत तर ते नीट सांगतो, कारण तुमचा जॉइंट परत आल्यावर मी तो नुसता बघून ठेवला नाही, त्यात निळी शाई घातलेलं पाणी सायकलच्या पंपानं दाबून भरलं आणि मग हॅक्सॉनं उभा चिरला. तुम्हाला ठिबक दिसत होती ती चुडीच्या खाली, बाहेरच्या बाजूला. शाई आत शिरली होती ती मात्र तिथून तीन सेंटीमीटर वर, आतल्या पायरीवर, जिथं एक इंची भोक लहान होऊन पाऊण इंची होतं ना, तिथं. म्हणजे पाणी एका जागी शिरलं, भिंतीच्या पोटातनं फिरलं आणि भलत्याच जागी बाहेर पडलं.

आता पोटात का फिरलं ते सांगतो. जॉइंटची भिंत ५ मिमी जाड दिसते पण ती सगळी भरीव नव्हती. प्रिंटर वितळलेल्या प्लास्टिकच्या रेघा थरावर थर टाकत जातो, त्यात आतून तीन रेघा, बाहेरून तीन रेघा, एक रेघ ०.४५ मिमी, म्हणजे दोन्ही बाजू मिळून २.७ मिमी प्लास्टिक आणि मधे २.३ मिमीत नुसती २० टक्क्याची जाळी. दिसायला बोटाएवढं जाड, पाण्याला अडवायला फक्त १.३५ मिमी, आणि ते फुटलं की मधल्या जाळीत पाणी मोकाट. त्या आतल्या पायरीवर तर अजून वाईट. प्रिंट करताना मोठं तोंड वर होतं, त्यामुळं पायरी आडवी सपाट, आणि तिच्यावर जाळी झाकणारे भरीव थर, म्हणजे टॉप लेयर, मी तीनच ठेवले होते, ०.२ चे तीन म्हणजे ०.६ मिमी. खाली जाळी असली की पहिला टॉप लेयर जाळीच्या खाचांवरनं झोळीसारखा लोंबतो, दुसरा तो थोडा सावरतो, तिसऱ्यात वरून गुळगुळीत दिसतं पण रेघांच्या मधे टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतातच. चिरल्यावर भिंगातनं दोन दिसली, दोन्हीत शाई.

बाटली वेगळ्या पद्धतीनं केलेली आहे. ती एकाच रेघेनं, मधे कुठं न थांबता गोल गोल चढवत नेलेली आहे, प्लास्टिक सोडणाऱ्या ०.६ मिमीच्या नोझलनं ०.८ मिमी रुंद रेघ, तळाला पाच भरीव थर. तिच्यात पोकळी नाही, टॉप लेयर नाही, आणि मुख्य म्हणजे सांधा नाही. साध्या प्रिंटमध्ये प्रत्येक थराची रेघ जिथं सुरू होते तिथंच संपते, तिथं जी उभी कड दिसते तिला सीम म्हणतात, आणि गळती बहुतेक वेळा तिथनंच फुटते, तुमच्या जॉइंटची ठिबकसुद्धा बाहेर निघाली ती सीमवरनंच. शिवाय बाटलीला दाब नाही. तुम्ही रात्रभर जॉइंट भरून ठेवलात तेव्हा आत जेमतेम पाच सेंटीमीटर पाणी उभं होतं, टाकी जॉइंटपासून सात मीटर वर, म्हणजे दाब शंभरपटीहून जास्त. रात्रभराचा तो कोरडेपणा म्हणून फसवतो. आम्हीच दाब देऊन तपासायला हवा होता, ते राहिलं.

अजून एक गोष्ट माझ्या अंगावर येते. त्या आठवड्यात पीईटीजी या प्लास्टिकच्या तारेचा नवीन रोल लावला होता आणि फ्लो, म्हणजे नोझलमधनं किती प्लास्टिक बाहेर येतं ते, तपासलाच नाही. नंतर एका रेघेची चौकोनी डबी काढून कॅलिपरनं मोजली, ०.४५ यायला पाहिजे तिथं ०.४३, म्हणजे प्रत्येक रेघ शेजारच्या रेघेला अगदी थोडी कमी चिकटत होती. आता फ्लो १०४ टक्के केलाय. जास्त वाढवला म्हणजे जास्त पक्कं असं होत नाही बरं का, ११० ला गेलो तर नोझल वरच्या फुगीर थरावर घासतं, चुडी भरून जाते आणि जॉइंट बसतच नाही. पावसाळ्यात रोल ओलाही होतो, प्रिंट करताना चट-चट आवाज आला की समजायचं पाण्याची वाफ फुटतेय आणि रेघेत बुडबुडे राहतायत, म्हणून हा रोल ६५ अंशाला सहा तास वाळवून घेतला.

नवीन पीस केलाय तो असा. दोन्ही बाजूंनी सहा-सहा रेघा, मग ५ मिमीत जाळीला जागाच राहत नाही, सगळी भिंत रेघांनीच भरते. नोझल २४० ऐवजी २५० वर, पंखा अर्ध्यावरनं पाव, म्हणजे थर एकमेकांत नीट वितळतात. आतली सपाट पायरी काढून ४५ अंशाचा उतार दिला, आडवा टॉप लेयरच नको. वरच्या कडेला जिथं तो टाळता येत नाही तिथं सात थर. आतल्या रेघांचे सीम एका रेषेत न येऊ देता सरकवले. मग दोन्ही तोंडं रबरी बुचानं बंद करून, पंपानं हवा भरून बादलीत बुडवला, एक बुडबुडा नाही.

एमसीलचं सांगायचं राहिलं. त्याचा दोष नाही, तुम्ही लावलं बाहेरून. बाहेरचा लेप पाणी आतनं ढकलून उचकटतं, आतला लेप पाणीच भिंतीला दाबून धरतं, त्यामुळं लेप कायम आतनं द्यायचा. आम्ही या पीसला आतनं २२० चा पॉलिश पेपर मारला, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, पातळ दोन भागांचं इपॉक्सी ओतून हातात फिरवत राहिलो आणि जास्तीचं उलटं धरून निथळून घेतलं. चुडीला टेप गुंडाळून ठेवली होती, तिथं लेप गेला तर फिटिंग अडकतं. चोवीस तासांत हाताला घट्ट लागतं, पण पाणी सात दिवसांनी सोडा. हे सगळं भिंत बरी असेल तरच, जाळीतली भोकं बुजवायला इपॉक्सी हा उपाय नव्हे.

बसवताना टेफ्लॉन टेप लावून हातानं आवळा, वर पाना अर्धा वळण, जास्त नाही. थर आडवे असतात, पान्यानं ओढलं की चुडीपाशी गोल फाटतो आणि मग कुठलाच लेप कामाचा नाही. टाकीच्या दाबाला हा पीस चालेल, थेट मोटरवर लावू नका, मोटर सुरू-बंद होताना जो ठोका बसतो त्याचा भरवसा मी देणार नाही. गिझरच्या लाइनलाही नको, ८० अंशाच्या आसपास पीईटीजी मऊ पडतो. आणि पिण्याच्या पाण्याला तर आम्ही देतच नाही. खरं तर तुमचा जुना पाइप बाजारातल्या मापाचा असता तर मीच तुम्हाला कुपवाड रोडवर चाळीस रुपयांचा रिड्यूसर घ्या म्हणालो असतो.

पीस तयार आहे, पैसे द्यायचे नाहीत. मोठ्या तोंडाचं माप मात्र एकदा परत कळवा, पहिल्या वेळी तुम्ही पट्टीनं घेतलं होतं, मला ते ३३.० की ३३.५ ते कळत नाही. कॅलिपर नसेल तर पाइपचा तुकडाच दुकानात घेऊन या, संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं.