शेवटच्या ओळीतले १९२० घनइंच

«सारांश म्हणजे अहवालाचीच छोटी आवृत्ती. क्रम तोच ठेवावा: आधी पार्श्वभूमी, मग माहिती, शेवटी निष्कर्ष. मुद्दा ठळक करायचा तर शीर्षक आहेच. निष्कर्ष आधी दिला की पुढचं कुणी वाचत नाही, आणि पुराव्याआधी निकाल सांगणं उद्धटपणाचं दिसतं. ज्याला गरज आहे तो शेवटपर्यंत वाचतोच.»

सारांश लिहिण्याबद्दलचा हा सल्ला मला पटत नाही. त्याच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

१६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अजून कक्षेत फिरत होतं तेव्हाच बोइंगच्या अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि स्लाइडांवर मांडून नासाकडे दिला. त्यातली एक स्लाइड पुढे फार गाजली. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी ती ओळ न् ओळ सोलून दाखवली आणि अपघाताच्या चौकशी मंडळानेही आपल्या अहवालात तिची दखल घेतली.

ती वरून खाली वाचून बघा. शीर्षकाचा आशय असा, की चाचण्यांचा आढावा घेता, यानाला उष्णतेपासून वाचवणाऱ्या टाइलला भोक पडण्याचा अंदाज सावध बाजूचा, म्हणजे प्रत्यक्षाहून जास्तच धरलेला आहे. त्याखाली, ‘क्रेटर’ नावाचा संगणकीय हिशोब टाइलचं नुकसान बराच वाढवून सांगतो. मग आत आत सरकत जाणाऱ्या उपमुद्द्यांत वेग, ऊर्जा, टाइलचा कठीण थर. शेवटून दुसरी ओळ म्हणते की उड्डाणातली परिस्थिती चाचण्यांच्या बरीच बाहेरची आहे. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, तुकड्याचं आकारमान १९२० घनइंच, चाचणीतल्या तुकड्याचं ३.

आपल्या मापात सांगायचं तर चाचणी पन्नास मिलिलिटरच्या तुकड्याची, म्हणजे कटिंग चहाएवढ्याची. आदळलेल्या तुकड्याचा अंदाज साधारण ३१ लिटरचा, दोन भरल्या बादल्यांएवढा. ६४० पट. ही तळाची ओळ वाचली की शीर्षकातला दिलासा विरून जातो, कारण इतक्या मोठ्या तुकड्याबद्दल कुणाकडे काही आकडेवारीच नव्हती.

आता सांगा, या ओळीची गरज कुणाला होती? मोहिमेचे निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांना. त्यांच्याइतकी गरज दुसऱ्या कुणालाच नसेल. तरी मंडळाने नोंदवलं की ती स्लाइड वाचून एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याला हा जीवन-मरणाचा प्रश्न आहे हे कळलंच नसतं, तर नवल नाही. माणसं आळशी नव्हती. त्या दिवसांत त्यांच्यासमोर असे कितीतरी कागद होते. ज्याला सगळ्यात जास्त गरज असते त्याच्याकडेच बहुधा सगळ्यात कमी वेळ असतो.

१ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. हे एका स्लाइडमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पंखाची छायाचित्रं मिळवण्याची अभियंत्यांची मागणी त्याआधीच बारगळली होती. शिवाय तुकडा लागला तो टाइलवर नाही, पंखाच्या पुढच्या कडेवर. तशाच कडेवर जुलैत चाचणी घेतली तेव्हा सुमारे १६ इंचांचं भगदाड पडलं. पण ‘आपल्याला माहीत नाही’ हे सांगायची एक जागा होती आणि ती तळाशी गेली.

शीर्षकाचा तोडगा इथेच मोडतो. त्या स्लाइडला शीर्षक होतं, आणि त्यात चक्क निष्कर्षही होता. फक्त तो चुकीचा निष्कर्ष वर बसला होता. म्हणून ‘निष्कर्ष आधी’ एवढंही मला पुरेसं वाटत नाही. वर काय यावं? वाचणाऱ्याचा निर्णय ज्याने बदलेल ते. आपल्याकडे शीर्षकाची आणखी एक खोड आहे, ‘बाबत’. ‘विषय: इमारतीच्या पाहणीबाबत.’ बाबत म्हटलं की विषय कळतो, म्हणणं मात्र पोटातच राहतं.

आता क्रमाबद्दल. अहवालाचा क्रम हा बहुतेकदा आपण काम कसं केलं त्याचा क्रम असतो. वाचणाऱ्याला त्याचं काय? मी इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करते, आणि हे मलाही ठेच लागल्यावरच कळलं. एका सोसायटीला पाठवलेल्या माझ्या सारांशाची सुरुवात अशी होती: ‘सदर इमारत स्टिल्ट अधिक चार मजली, आरसीसी सांगाड्याची असून तिची पाहणी दृश्य निरीक्षण व रिबाउंड हॅमर चाचणीद्वारे करण्यात आली.’ सेक्रेटरींच्या मोबाइलवर मेलचं एवढंच दिसत होतं. ‘ऑडिट झालं’ एवढं कळलं, आणि त्यांनी विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेवर घेतला. खांबांना टेकू लावा हे माझं वाक्य सातव्या परिच्छेदात होतं. जुलैत सहज तिकडून जात होते, तर सी-७ खांबाला अगदी खेटून गाडी लावलेली, आणि खांबाच्या पायथ्याशी सुटलेल्या काँक्रीटचे तुकडे झाडून नीट एका कोपऱ्यात गोळा केलेले.

तेव्हापासून पाठवण्याआधी एक करून बघते. पहिल्या दोन ओळींखाली पट्टी धरते आणि विचारते: एवढंच वाचून हा माणूस उद्या सकाळी काय करील? आणि सगळं वाचलं असतं तर काय केलं असतं? दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर सारांश परत लिहायचा. कोलंबियाच्या स्लाइडवर पट्टी धरली तर उत्तर येतं ‘काही नको’; पूर्ण वाचली तर ‘थांबा, आधी पंख बघा’.

पुढचं कुणी वाचत नाही ही तक्रार मग उरत नाही. सेक्रेटरींनी रिबाउंड हॅमरचे आकडे वाचावेत असं मला वाटतच नाही. ते दुरुस्तीचा कंत्राटदार वाचतो, आणि दुसरा इंजिनिअर तर आधी तेच उघडतो.

राहिला उद्धटपणा. निकाल आधी सांगणं उद्धट नाही, निकालाची खात्री किती हे लपवणं उद्धट. ती खात्री त्याच ओळीत सांगता येते: ‘नुसत्या पाहणीवरून’, ‘चाचणी बाकी आहे’. स्लाइडवर नेमकं तेच खाली ढकललं गेलं होतं. या आक्षेपात एका जागी मात्र तथ्य आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचं स्वतंत्र मत हवं असेल तर माझा निष्कर्ष मी त्याला आधी दाखवत नाही. एकदा ‘सी-७ खराब’ ऐकलं की डोळे सी-७ वरच जातात. पण तिथे मी सारांश पाठवतच नाही, नकाशे आणि फोटो पाठवते.

त्या सोसायटीला जुलैतच दुसरा मेल गेला. ‘पार्किंगमधल्या सी-७ आणि सी-८ खांबांना या आठवड्यात टेकू लावा, तोवर त्यांच्याजवळ गाड्या लावू नका, सळई गंजून काँक्रीट सुटलं आहे. इमारत रिकामी करायची गरज नाही (वर्ग सी-२बी).’ दुसरं वाक्य मुद्दाम घातलं, नाहीतर पहिलं वाचून लोक सामान बांधायला लागले असते. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. पहिलाच प्रश्न, ‘मॅडम, टेकू लावायला माणूस कोण आहे तुमच्या ओळखीचा?’