डॅलस-न्यूअर्क लवकरच्या फ्लाइटबद्दलच्या रिव्ह्यूला उत्तर

★☆☆☆☆ "डॅलसहून न्यूअर्कला गुरुवारी संध्याकाळी ६.४० ची फ्लाइट होती. काम अकरालाच आटोपलं, म्हणून यांना फोन करून दुपारी २.०५ ची करून द्या म्हटलं. उत्तर काय, तर 'सीट नाही, हवीच असेल तर २१४ डॉलर फरक.' अॅपवर नऊ सीट रिकाम्या दिसत होत्या! माझा सहकारी त्याच फ्लाइटने ६० डॉलर भरून गेला आणि मी रात्री अकरानंतर उतरलो. मग एजंटकडून तिकीट काढायचं कशाला?"

नमस्कार. गुरुवारी तुमचा फोन मीच घेतला होता, त्यामुळे उत्तरही मीच देतो. उत्तर थोडं लांबलं आहे, कारण हाच प्रश्न एडिसनमधले आमचे निम्मे ग्राहक कधी ना कधी विचारतात.

आधी २१४ डॉलरचं सांगतो. तो आकडा फीचा नव्हता. तुमचं तिकीट अमेरिकन एअरलाइन्सच्या साध्या इकॉनॉमीचं होतं आणि अशा देशांतर्गत तिकिटांवरची बदल-फी अमेरिकन, युनायटेड, डेल्टा या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२० मध्येच काढून टाकली. त्यामुळे फ्लाइट बदलायला दंड नाही, पण नव्या फ्लाइटचं त्या घडीचं भाडं आणि तुम्ही भरलेलं भाडं यांतला फरक द्यावा लागतो. तुम्ही तीन आठवडे आधी १८९ डॉलरला तिकीट काढलं होतं. निघायला तीन तास उरले असताना २.०५ च्या फ्लाइटला ४०३ डॉलर पडत होते. हा झाला नेहमीचा बदल. चेक-इन होईपर्यंत तो आमच्या हातात असतो, म्हणून आधी तोच सांगितला.

तुमच्या सहकाऱ्याने ६० डॉलर भरले ते वेगळ्या सोयीचे. त्याच दिवशीची, त्याच दोन विमानतळांमधली दुसरी फ्लाइट ठरलेल्या छोट्या फीवर कन्फर्म करून मिळते आणि भाड्यातला फरक माफ होतो. ऐकायला सोपं आहे, पण ही सोय प्रत्येक फ्लाइटला, प्रत्येक वेळी उघडी नसते. त्यासाठी किती सीट सोडायच्या हे कंपनी ठरवते आणि तो कोटा शून्य असला तर अॅपवर ६० डॉलरचा पर्याय दिसतच नाही. तुमच्याशी बोलताना मी तुम्हालाच अॅप उघडून बघायला सांगितलं होतं. २.०५ च्या पुढे फक्त भाड्याचा फरक दिसतोय, असं तुम्हीच वाचून दाखवलंत.

आता त्या नऊ रिकाम्या सीट. सीटचा नकाशा म्हणजे कोणाला कुठली खुर्ची दिली आहे याचा कागद. किती तिकिटं विकली गेली, हे त्यावरून कळत नाही. बेसिक इकॉनॉमीच्या, म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या, बऱ्याच प्रवाशांनी सीटचे जादा पैसे भरलेले नसतात. त्यांना चेक-इनच्या वेळी किंवा थेट गेटवर खुर्ची मिळते, तोवर नकाशावर ती रिकामी दिसते. काही खुर्च्या अपंग प्रवाशांसाठी किंवा गेटवरच्या अडचणींसाठी रोखून ठेवलेल्या असतात. शिवाय कंपन्या चार-दोन तिकिटं जास्तच विकतात, कारण कोणीतरी येणार नाही हे त्यांनी धरलेलं असतं. नऊ खुर्च्या मोकळ्या आणि विमान मात्र भरलेलं, हे रोजचं आहे. उलटही होतं. नकाशा गच्च दिसतो आणि दारं बंद होताना सहा जागा उरतात.

आमच्या स्क्रीनवर नकाशाऐवजी भाड्याच्या वर्गांची ओळ येते. तुमच्या फोनच्या वेळी ती साधारण अशी होती:

```
Y4 H2 K0 M0 L0 V0
```

अक्षर म्हणजे भाड्याचा वर्ग आणि आकडा म्हणजे त्या वर्गात विकायला काढलेल्या जागा. महागड्या Y मध्ये चार, त्याखालच्या H मध्ये दोन आणि स्वस्त वर्ग सगळे बंद. या दोन आकड्यांची बेरीज करायची नसते, त्याच जागा दोन्हीकडे मोजलेल्या असतात. म्हणजे कंपनी जास्तीत जास्त चार जागा विकायला तयार होती आणि त्याही शेवटच्या क्षणी धावत येणाऱ्या, चारशे डॉलर मोजणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून बसली होती. गुरुवारी दुपारी डॅलसहून न्यू यॉर्क परिसरात परतणारी ऑफिसची मंडळी भरपूर असतात, तेव्हा असं गिऱ्हाईक येतंही. चारशेला जाऊ शकणारी जागा ती अकरा वाजता तुम्हाला साठला का देईल?

पण दीड वाजता देऊ शकते. गिऱ्हाईक आलं नाही तर विमान सुटताच त्या जागेची किंमत शून्य होते. त्यात डॅलस हे अमेरिकनचं मोठं हब. २.०५ च्या विमानातले कितीतरी लोक दुसऱ्या गावाहून येऊन तिथे विमान बदलतात. त्यांचं आधीचं विमान रखडलं की त्यांच्या जागा मोकळ्या होतात आणि हे शेवटच्या तासाभरातच कळतं. शिवाय तुम्ही दुपारी गेलात तर संध्याकाळची तुमची जागा कंपनीला पुन्हा विकता येते. तुमच्या सहकाऱ्याला ६० डॉलरचा पर्याय नेमका किती वाजता दिसला, हे मला माहीत नाही. पण तो बहुधा तेव्हा विमानतळावर असावा. अशा वेळी अॅप दर दहा मिनिटांनी उघडून बघणाऱ्याला आणि गेटवरच्या बाईंना नम्रपणे विचारणाऱ्याला जे मिळतं, ते हॉटेलच्या खोलीत बसून मिळत नाही.

तिसरा रस्ता स्टँडबायचा, म्हणजे लवकरच्या फ्लाइटला ऐनवेळी जागा उरली तर मिळावी म्हणून यादीत नाव घालून थांबायचा. तो मी तुम्हाला फोनवर सुचवला होता आणि तुम्ही "लटकत राहायला नको, कन्फर्म हवं" म्हणालात. निर्णय तुमचा होता, तक्रार नाही. पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो, कारण या सोयीबद्दल गैरसमज फार आहेत. अमेरिकनच्या देशांतर्गत फ्लाइटला स्टँडबायसाठी पैसे पडत नाहीत, त्यांच्या फुकटच्या सदस्यत्वाचा नंबर तिकिटावर असला म्हणजे झालं. यादीत नाव घातलं म्हणून मूळ फ्लाइटची जागा जात नाही. लवकरची मिळाली तरच जुनी सुटते, नाही मिळाली तर ६.४० आहेच. गेटवरच्या पडद्यावर आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि नावाचं आद्याक्षर अशी यादी लागते आणि अॅपवरही दिसते. क्रम मात्र रांगेसारखा नसतो. कंपनीच्या वरच्या दर्जाचे नेहमीचे प्रवासी आधी आणि नोंद कधी केली ते त्यानंतर. त्यामुळे मोकळ्या जागा चार आणि तुम्ही सातवे असाल, तर गेटजवळ ताटकळण्यापेक्षा निवांत जेवून घ्यावं.

मग प्रयत्न करावा कधी? मी ग्राहकांना विचारतो की तासाची किंमत किती धरता. तुमचंच उदाहरण घेऊ. २.०५ ची फ्लाइट न्यूअर्कला साडेसहाच्या सुमारास उतरते आणि ६.४० ची अकरानंतर, म्हणजे साडेचार तास वाचतात. २१४ डॉलरला हे तासाला जवळपास ४८ डॉलर झाले. बिल कंपनी भरणार असेल तर ठीक, स्वतःच्या खिशातून मी तरी देणार नाही. ६० डॉलरला तासाला साधारण १३ पडतात आणि तिथे मी दुसरा विचारही करणार नाही. उन्हाळ्यात तर अजिबात नाही, कारण दुपारनंतर वादळी पाऊस सुरू झाला की न्यूअर्कची संध्याकाळची विमानं एकामागोमाग लांबतात आणि ६.४० ची ९ ला निघते. पण लवकरची फ्लाइट फक्त पाऊण तास आधीची असेल तर ६० सुद्धा जास्तच. तेवढा वेळ सुरक्षा तपासणीची रांगच खाते.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. तुमची मोठी बॅग. चेक-इनची बॅग बहुतेक ठिकाणी विमान सुटायच्या ४५ मिनिटं आधी द्यावी लागते आणि स्टँडबायचा निकाल अनेकदा त्यानंतर लागतो. अशा वेळी माणूस दुपारच्या विमानात आणि बॅग संध्याकाळच्या, असं होऊ शकतं. मग रात्री पुन्हा न्यूअर्कला खेप, नाहीतर बॅग घरी पोचवतील त्याची वाट. लवकर सुटण्याची आशा असेल तर सामान वर ठेवण्याएवढंच न्यावं. आईवडील व्हीलचेअरवर असतील किंवा चौघांचं कुटुंब असेल, तर मी स्वतःहून नको म्हणतो. जागा सुटतात त्या एक-दोन, त्याही मधल्या खुर्च्या, एकमेकांपासून लांब. आधी पैसे भरून घेतलेली पुढची सीटही बदलात जाते.

"मग एजंट कशाला" याचंही उत्तर देतो. प्रवासी एकदा चेक-इन झाला की तिकिटाचा ताबा कंपनीकडे जातो आणि आमच्या स्क्रीनवरून त्याला हात लावता येत नाही. तुम्ही त्या दिवशी सकाळीच चेक-इन केलं होतं. त्यानंतर फरक भरायचा असो, ६० डॉलरचा बदल असो की स्टँडबाय, सगळं अॅपवर, कंपनीच्या फोनवर किंवा काउंटरवरच होतं. म्हणूनच त्या फोनचे आम्ही काही पैसे लावले नाहीत. आमचं काम त्याआधीचं. परतीसाठी असा मार्ग निवडायचा की दिवसभरात चार-पाच फ्लाइट असतील आणि बेसिक इकॉनॉमी टाळायची, कारण तिथे बदलाचे नियम कडक असतात. तुमच्या तिकिटात या दोन्ही गोष्टी पाहिल्या होत्या.

पुढच्या महिन्यात तुमचं पुन्हा डॅलस आहे. परतीला चोवीस तास उरले की अॅपवर त्या दिवसाच्या इतर फ्लाइट उघडून बघा, ६० डॉलरचा पर्याय कधी कधी सुरुवातीलाच असतो आणि मग संपतो. दिसला नाही तर स्टँडबायला नाव घाला आणि काम आटोपलं की थेट विमानतळ गाठा. अॅपमध्ये तिकीट शोधताना आमच्या पावतीच्या वरच्या कोपऱ्यातला नंबर टाकू नका, तो आमच्या सिस्टीमचा आहे. त्याच पानावर फ्लाइटच्या तपशिलाखाली विमान कंपनीचा वेगळा सहा अक्षरांचा नंबर छापलेला असतो, तो चालेल.