55, 55.0 आणि डिग्रीच्या आधीचा Â

ग्राहकाचा अभिप्राय (2 तारे): आंब्याच्या कोल्ड रूमची रीडिंग्ज अमेरिकेतल्या खरेदीदाराला फॅरनहाइटमध्ये पाठवायची होती. रिपोर्टमध्ये कुठे 55.4 तर कुठे नुसतं 55. एक्सेलमध्ये उघडलं तर 55.4Â°F. लॉगरची अचूकता ±0.5 अंश, ती तुम्ही ±32.9 छापलीत! शिवाय 55.0 उलटं फिरवलं तर 12.8 येत नाही, 12.78 येतं. मग आकडेमोड बरोबर कशी मानायची?

आमचं उत्तर:

नमस्कार साहेब. ±32.9 बघून खरेदीदार काय म्हणाला असेल, याची कल्पना आहे. ही चूक आमचीच. रीडिंगला 9/5 ने गुणून 32 मिळवायचे असतात, कारण पाणी गोठतं तिथे सेल्सिअस 0 दाखवतं आणि फॅरनहाइट 32. पण अचूकता म्हणजे दोन तापमानांमधला फरक. फरक काढताना दोन्हीकडचे 32 वजा होऊन जातात, म्हणून तिथे फक्त गुणायचं: 0.5 × 1.8 = 0.9. आमच्या प्रोग्रॅमने तो रकानाही रीडिंग समजून फिरवला. आता त्याचं सूत्र वेगळं केलंय.

नुसतं 55 दिसलं ते 12.8 च्या रीडिंगचं. त्याचे 55.04 होतात. आम्ही `Math.round(f * 10) / 10` वापरत होतो. त्याने किंमत बरोबर येते, पण उत्तर शेवटी संख्याच राहतं आणि संख्या छापताना मागचं शून्य गळतं. आता असं आहे:

```js
const out = list.map(c =>
  (c * 9 / 5 + 32).toFixed(1) + "°F");
const csv = "\uFEFF" + out.join("\n");
```

12.5, 12.8, 13, 10 ही यादी दिली की 54.5°F, 55.0°F, 55.4°F, 50.0°F मिळतं. शेवटच्या ओळीतला `\uFEFF` त्या Â साठी आहे. यूटीएफ-8 मध्ये डिग्रीचं चिन्ह दोन बाइटचं असतं. फाइल कुठल्या एन्कोडिंगची आहे हे एक्सेलला कळलं नाही, तर ते दोन वेगळी अक्षरं दाखवतं. फाइलच्या सुरुवातीला ही खूण असली की ते नीट वाचतं. आम्ही फाइल फक्त ब्राउझरमध्ये बघून पाठवत होतो, तिथे सगळं छान दिसायचं.

12.78 चा मुद्दा मात्र पटला नाही. एका दशांशावर आणताना जास्तीत जास्त 0.05 फॅरनहाइटचा फरक पडतो, म्हणजे सेल्सिअसमध्ये साधारण 0.03. तुमचा लॉगर 0.1 च्या पायरीने मोजतो. त्यामुळे उलटं फिरवून एका दशांशावर आणलं की मूळ रीडिंगच परत मिळतं: 12.78 चे 12.8. कुठलीही ओळ घेऊन बघा. गडबड होते ती आधीच पूर्णांक केला तर. 12.8 चे 13 धरले असते, तर 55.4 छापलं गेलं असतं आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

दुरुस्त रिपोर्ट तुमच्या ईमेलवर पाठवलाय, त्याचे पैसे नाहीत. खरेदीदाराला जुनी फाइल गेली असेल तर ±0.9 ची ओळ त्यांना आवर्जून दाखवा.