दहा चौरस मीटरच्या ड्रायिंग बेडचा हिशेब

"१०० केएलडीच्या एसटीपीला १० चौरस मीटरचा एक ड्रायिंग बेड भरपूर झाला. ऊन असलं की तीन-चार दिवसांत स्लज वाळतो. जागा कमी पडली तर थर जाड टाकायचा आणि रोजचा स्लज रोज सोडत राहायचा."

एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, आणि ड्रायिंग बेड म्हणजे त्यातून निघणारा गाळ, म्हणजे स्लज, वाळवायचा वाळू-खडीचा वाफा. त्याबद्दलचा वरचा सल्ला हिशेबात बसतो का? आधी गाळ किती निघतो ते पाहू. १०० केएलडी म्हणजे रोज १०० घनमीटर सांडपाणी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला २५० मिलिग्रॅम धरला, तर रोज २५ किलो बीओडी प्लांटमध्ये येतो. एक्स्टेंडेड एरेशन, म्हणजे सांडपाण्याला बराच वेळ हवा देण्याची पद्धत, असेल तर त्यापोटी साधारण १० किलो कोरडा गाळ रोज बाहेर काढावा लागतो. १० किलो म्हणजे किरकोळ वाटतं. पण सेटलिंग टाकीच्या तळातून येणाऱ्या स्लजमध्ये घन भाग जेमतेम १ टक्का असतो, बाकी सगळं पाणी. त्यामुळे बेडवर रोज १ घनमीटर स्लज येतो. १० चौरस मीटरवर २५ सेंटिमीटरचा थर दिला तर अडीच घनमीटर मावतात. तिसऱ्या दिवशी बेड भरला, आणि त्यातलं अजून काहीच वाळलेलं नाही.

तीन-चार दिवसांचा समज कुठून येतो, हेही मला कळतं. पहिले दोन दिवस पाणी वाळू-खडीतून झरझर खाली जातं, थर डोळ्यांदेखत बसतो आणि काम झाल्यासारखं दिसतं. पण हा फक्त निचरा. त्यानंतरही चिखलात सुमारे ९५ टक्के पाणी उरतं. एका चौरस मीटरवर २५ सेंटिमीटर, म्हणजे २५० किलो स्लज टाकला, तर त्यात कोरडा भाग अडीच किलो. निचरा संपल्यावर वजन ५० किलोच्या आसपास येतं. फावड्याने उचलता येईल असा २५ टक्के घन भागाचा पापुद्रा व्हायला ते १० किलोवर यायला हवं. मधलं ४० लिटर पाणी हवेतच जायचं आहे. कोरड्या हवेत रोज ४ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी त्याला १० दिवस लागतात. दमट किंवा ढगाळ हवेत आणखी लागतात, आणि पाऊस पडला तर वाळत आलेला थर पुन्हा भिजतो. नुसतं ऊन पुरत नाही, वाराही लागतो.

थर जाड केला तर? ५० सेंटिमीटरच्या थरात उडवायचं पाणी ८० लिटर होतं आणि उडायला पृष्ठभाग मात्र तेवढाच. थर दुप्पट, दिवस दुप्पट, जागा वाचली शून्य. उलट वर कडक साल धरते आणि खालचा ओलावा कोंडतो. मी पाहिलेल्या अशाच एका बेडवर वरून छान भेगा होत्या. काठी खुपसली तर वीतभर आत गेली आणि काळ्या, लिबलिबीत गाळाने माखून बाहेर आली. भेगा वाळूपर्यंत पोचल्या आणि ढेकूळ वाळूपासून सुटं निघालं, तरच वाळलं म्हणायचं.

पण सगळ्यात जास्त नुकसान "रोज सोडत राहायचा" या सल्ल्याने होतं. अर्धवट वाळलेल्या थरावर ताजा स्लज ओतला की त्या भेगा बुजतात, पाणी वरच तुंबतं आणि आधीचे सगळे दिवस वाया जातात. एका बेडवर हे चुकवताच येत नाही.

मग जागा किती? वाळायला १० दिवस आणि निचरा, उचलणं, वाळू सारखी करणं यांना २ दिवस, असं १२ दिवसांचं चक्र धरा. १२ घनमीटर स्लज २५ सेंटिमीटर थरात पसरायला ४८ चौरस मीटर लागतात. त्याचे १२ चौरस मीटरचे चार बेड करा. तीन दिवसांचा स्लज साठवून एका बेडवर एकदम सोडा, म्हणजे चौथ्यानंतर पुन्हा पाळी येईपर्यंत पहिला मोकळा होतो. ओला हंगाम लांबणार असेल तर याहून जास्त जागा ठेवा, किंवा बाजू उघड्या ठेवून वर पारदर्शक छप्पर टाका.

काही जण म्हणतील, स्लज घट्ट करून २ टक्क्यांवर आणला तर जागा निम्मी होईल. आकारमान निम्मं होतं, हे खरं. पण चौरस मीटरमागे कोरड्या गाळाचा वार्षिक भार पाहा. अशा उघड्या बेडसाठी तो ६० ते १०० किलो धरतात. ४८ चौरस मीटरवर तो ७६ येतो, २४ वर १५२ आणि १० वर ३६५.

बेड अपुरा आहे हे बेडवर कळण्याआधी टाकीत कळतं. बेड मोकळा नाही म्हणून ऑपरेटर स्लज काढणं थांबवतो. एरेशन टाकीतला गाळ दाट होत जातो, सेटलिंग टाकीतली त्याची पातळी चढते आणि एके दिवशी तो वियरवरून, म्हणजे पाणी बाहेर पडण्याच्या काठावरून, शुद्ध पाण्यात जाऊ लागतो. तेव्हा लोक हवा देणारा ब्लोअर तपासत बसतात. जागा खरोखर १० चौरस मीटरच असेल, तर स्लजमधलं पाणी दाबून काढणारा फिल्टर प्रेस बसवा आणि प्रेस बंद पडेल त्या दिवसांसाठी बेड राखून ठेवा.