थर्मामीटरवर २५.० दिसलं, म्हणजे चहा पोहोचला का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

> “लेखात म्हटलंय की चहा खोलीच्या तापमानाला कधीच पोहोचत नाही, फक्त जवळ जातो. मी झाकण ठेवलेल्या कपात साडेचार तासांनी डिजिटल थर्मामीटर बुडवला तर २५.० आणि खोलीतही २५.०. चक्क पोहोचला की! पाठ्यपुस्तकातलं सूत्र प्रत्यक्षात चालत नाही, एवढं मान्य करा.”

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण ते सूत्राच्या विरोधात जात नाही, उलट सूत्र तेच सांगतं. कसं ते आकडे घालूनच पाहू.

समजा चहा ८५ अंशांवर आहे आणि खोली २५ वर. फरक ६० अंशांचा. दहा मिनिटांनी चहा ७० वर आला, म्हणजे फरक ४५ उरला, आधीच्या तीन चतुर्थांश. न्यूटनच्या शीतलनाच्या नियमाप्रमाणे पुढच्या प्रत्येक दहा मिनिटांत उरलेल्या फरकाचे असेच तीन चतुर्थांश उरतात. सूत्रात मांडलं तर:

```
T(t) = 25 + 60·e^(−kt),   k = ln(4/3)/10 ≈ 0.0288 प्रति मिनिट
```

आता तुमच्या थर्मामीटरकडे येऊ. तो एकच दशांश दाखवतो, म्हणजे २५.०५ च्या खाली काहीही असलं तरी २५.० लिहितो. फरक ०.०५ च्या खाली जायला किती वेळ लागेल? ln(60/0.05) ला k ने भागलं की साधारण २४६ मिनिटं येतात, म्हणजे चार तासांहून थोडं जास्त. साडेचार तासांनी तुम्हाला २५.० दिसणारच होतं.

चहा ज्या तापमानाच्या जवळ जवळ जात राहतो, त्याला गणितात सीमा म्हणतात. सीमेची व्याख्यासुद्धा हेच म्हणते. अनंत काळानंतर चहाचं काय होतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. तुम्ही कितीही बारीक फरक ठरवा, एक वेळ अशी येते की तिच्यानंतर चहा त्या फरकाच्या आतच राहतो, एवढाच तिचा दावा आहे. घातांकी घसरणीत तर ती वेळ काढताही येते. फरक दहापट कमी व्हायला नेहमी तेवढाच वेळ लागतो, या कपासाठी ८० मिनिटं. फरक एक अंशावर यायला सुमारे १४२ मिनिटं, दशांश अंशावर यायला २२२, शतांशावर ३०२. अचूकतेचा प्रत्येक पुढचा दशांश ८० मिनिटांना पडतो. शेवटच्या टप्प्यात चहा ‘अडकल्यासारखा’ वाटतो तो यामुळेच.

अर्थात, खोलीचं तापमानही स्थिर नसतं. ते तासाभरात काही दशांश अंशांनी सहज हलतं. त्यामुळे फरक तेवढा लहान झाला की चहा स्थिर संख्येकडे जात नसतो, हलत्या खोलीमागे थोडा उशिरा फिरत असतो. सूत्र इथे थांबतं, पण चुकीचं ठरत नाही; स्थिर परिसराची त्याची अटच आता पाळली जात नसते.

आता ‘प्रत्यक्षात चालत नाही’ याबद्दल. चार तास न थांबताही सीमा ओळखता येते. समान अंतराने तीन नोंदी घ्या, T1, T2, T3. खोलीचा थर्मामीटर बघूही नका.

```
सीमा = (T1·T3 − T2²) / (T1 + T3 − 2·T2)
```

वरच्या कपाच्या दहा-दहा मिनिटांच्या नोंदी ८५, ७० आणि ५८.७५. अंश येतो ९३.७५, छेद ३.७५, आणि उत्तर २५. मात्र सांभाळा: मधली नोंद ७० ऐवजी ७०.१ झाली तर उत्तर एकदम २२.५ च्या आसपास घसरतं, कारण छेद फार लहान आहे. नोंदींमधलं अंतर ४० मिनिटं ठेवलं (८५, ४३.९८, ३१.०१) तर तीच दशांश अंशाची चूक उत्तराला जेमतेम ०.१४ ने हलवते. वक्र नीट वाकल्याशिवाय तो कुठे टेकणार हे सांगता येत नाही.

तुम्ही झाकण ठेवलंत हे फार चांगलं केलंत. उघड्या कपात गरम असताना बाष्पीभवनाने भरपूर उष्णता जाते आणि चहा सूत्रापेक्षा वेगाने उतरतो. तेव्हाच्या नोंदी वापरल्या तर सीमा खऱ्यापेक्षा वर दिसते. शिवाय कोरड्या हवेत उघडा चहा खोलीच्याही थोडा खाली जाऊन स्थिरावतो, कारण वाफ होणं थंड झाल्यावरही थांबत नाही. तिथे सीमा आहेच, पण ती खोलीचं तापमान नाही. तपासायचं असेल तर फरकाचा लॉग वेळेसमोर मांडा. खोलीचं तापमान वजा केल्यावर सरळ रेषा आली तर नियम लागू आहे. सुरुवातीलाच रेषा तीव्र उताराची असेल तर बाष्पीभवनाचा संशय घ्या. शेवटाला रेषा आडवी होऊ लागली तर वजा केलेलं तापमान खऱ्या सीमेपेक्षा कमी आहे, आणि खाली कोसळू लागली तर जास्त.