काकांच्या जनरेटरवर आख्खी आळी उजळवण्याचे सोपे उपाय

परवा वळवाच्या पावसात लाइट गेली. तासाभराने माझ्या हॉलमधला जुना पिवळा बल्ब एकदम तांबूस झाला, दोनदा लुकलुकला आणि विझला. डीपीचे डिओ, म्हणजे खांबावरचे लाइन तोडणारे फ्यूज, तर वायरमनने माझ्या डोळ्यांदेखत खाली पाडले होते. मग ही वीज आली कुठून? दोन घरं सोडून एका काकांनी दोन केव्हीएचं नवं जनरेटर चालू केलं होतं, आणि त्यांच्या दारिद्र्यात आम्हालाही वाटा मिळाला होता. ही उदारता तुम्हालाही साधावी म्हणून काही सूचना.

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवून घ्या. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं भिंतीतल्या प्लगमध्ये. मोकळ्या पिना हातात जिवंत असतात, पण तेवढं चालायचंच.

जनरेटर जिन्याखाली ठेवा. धूर वरच जातो. माणसंही.

आता महत्त्वाचं. जनरेटर गुरगुरून बंद पडलं, तर कंपनीला शिव्या द्या. दोन केव्हीए म्हणजे जेमतेम साडेआठ-नऊ अँपिअर, तेवढ्यावर आख्ख्या आळीचे पंखे-फ्रिज ओढायला निघालं की ते गुदमरणारच. पण दर वेळी ते बंद पडेल असंही नाही. आळीतल्यांनी आपापले मेन स्विच बंद केले असले किंवा तार मध्येच तुटली असली, की त्याच्यावर भार उरत नाही आणि ते मजेत चालतं. मग वीज निघते उलट्या दिशेने. डीपी 11 हजार व्होल्ट उतरवून आपल्याला 230 देते, हे सगळ्यांना ठाऊक. तिला पुढचं-मागचं कळत नाही, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. खालून 230 दिले, तर वर 11 हजारांच्या आसपास चढवून देते. वायरमनने डिओ पाडलेत, म्हणजे त्याच्या हिशेबात लाइन मेली. प्रत्यक्षात त्याच डिओच्या खालच्या टोकाला काकांचं जनरेटर बसलेलं असतं. फ्यूजची तार बदलायला हात तिथेच जातो.

“मी मेनची एमसीबी पाडतो की!” असं काका म्हणाले. वा! बऱ्याच घरांत ती एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलीच राहते. आणि अंधारात, घामाघूम असताना, एके दिवशी ती पाडायची विसरते. तेवढ्यात लाइट आली, तर जनरेटरचं काय होतं ते दुरुस्तीच्या बिलात वाचा.

आमच्या इलेक्ट्रिशियनने तर चेंजओव्हर, म्हणजे घर एकतर लाइनला नाहीतर जनरेटरला जोडणारा स्विच, बसवूनही कमाल केली. “न्यूट्रल एकच असते साहेब, जोडून टाकली.” एकच नसते. स्विच दोन पोलचा हवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा. न्यूट्रल जोडलेली राहिली, तर घर लाइनपासून तुटतच नाही. आणि वादळात रस्त्यावरची न्यूट्रल तुटली असेल, त्यातच तुमच्या पंपाच्या फेजने जमीन धरली, तर रस्त्यात लोंबणाऱ्या त्या तुकड्यात 230 व्होल्ट येऊ शकतात. शाळेतून पोरं त्याच रस्त्याने घरी येतात.

पुरे झाली गंमत. मीटर, मेन स्विच, त्यानंतर चेंजओव्हर, मग घराचा बोर्ड, हा क्रम. खटका तीन जागांचा: लाइन, बंद, जनरेटर. एका वेळी दोन्हीकडे जाताच येत नाही, म्हणूनच तो विकत घ्यायचा. आधी ‘बंद’वर आणा, जनरेटर चालू करून दोन मिनिटं स्थिर होऊ द्या, मग वळवा. लाइट आली की उलट क्रमाने. गीझर आणि मोटर त्यावर नाही. तीन फेजचं कनेक्शन असेल तर चार पोलचा स्विच घ्या, आणि हे सगळं परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

बसवून झालं की त्याच माणसाला तिथेच थांबवा. लाइट गेलेली असताना खटका जनरेटरवर ठेवून लाइनकडच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावायला सांगा. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका, न्यूट्रलवर तो बहुधा पेटतच नाही. मल्टिमीटर आधी चालू प्लगवर तपासून घ्यायचा, मग इकडे शून्य दिसलं पाहिजे. नुसती न्यूट्रल जोडलेली राहिली असेल, तर मात्र इथेही शून्यच दिसतं. म्हणून जनरेटर बंद करून, खटका तिथेच ठेवून, लाइनकडची आणि घराकडची न्यूट्रल एकमेकींना जोडलेली नाही हेही मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर बघायला सांगा. आणि आळी अंधारात असताना तुमच्या मीटरवरचा फेजचा दिवा पेटलेला दिसला, तर जनरेटर त्याच क्षणी बंद करा.

काका, तुम्ही वाचत असाल तर सरळ सांगतो. त्या दिवशी वायरमनने डिओला हात लावण्याआधी टेस्टिंग रॉड लावला म्हणून तो घरी गेला. तुम्ही मात्र “सगळेच असं करतात” म्हणून चहा प्यायलात. लाज वाटू द्या. चेंजओव्हर तुमच्या त्या जनरेटरच्या किमतीच्या पासंगालाही नाही. आणि ती दोन पिनांची वायर अजून तुमच्या फ्रिजमागच्या खिळ्यावर आहे, मी काल पाहिली. कापा ती. आत्ता.